रात्री दोनचा खोकला आणि १५,८७२ इओसिनोफिल

पेशंट भंडारा जिल्ह्यातला, वय २९. मुंबईत येऊन सहा वर्षं झालेली. साकीनाक्याला एका गाळ्यात पॅकिंगचं काम आणि घाटकोपरच्या टेकडीवर गावाकडच्याच तिघांबरोबर एक खोली. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात तो माझ्या ओपीडीत आला तेव्हा प्लॅस्टिकच्या पिशवीत पाच महिन्यांचे कागद होते आणि सोबत चुलतभाऊ. बोलला बहुतेक भाऊच.

"हा रात्री झोपू नाही देत जी. दोन वाजले का उठून बसते, खोकतच राहते. पाचच्या पुढं मंग झोपते. बाजूच्या खोलीवाले भिंत ठोकतेत."

मे महिन्यापासून खोकला होता. दिवसा जवळजवळ नाही. मध्यरात्रीनंतर सुरू होऊन पहाटेपर्यंत चालायचा, कोरडा, शेवटी चिकट कफाचा एखादा बेडका पडायचा. छातीत सूं सूं आवाज यायचा. संध्याकाळी अंग कोमट, भूक कमी, पाच महिन्यांत चार किलो वजन गेलेलं. टेकडीच्या पायऱ्या चढताना धाप लागू लागली तेव्हा त्याने जवळच्या डॉक्टरला दाखवलं. तिथे दमा म्हणून पंप आणि सात दिवसांच्या प्रेडनिसोलोनच्या गोळ्या मिळाल्या. गोळ्या चालू होत्या तो आठवडा झोप लागली. संपल्या आणि चौथ्या रात्रीपासून खोकला पुन्हा हजर.

आता माझी चूक आधी सांगून टाकतो. पिशवीत रक्ताचा एक रिपोर्ट होता. एकूण पांढऱ्या पेशी ११,६००, त्यातले इओसिनोफिल, म्हणजे ॲलर्जीत आणि जंतांच्या आजारात वाढणाऱ्या पेशी, १८ टक्के. मी तो पाहिला, "ॲलर्जी दिसतेय" असं मनातल्या मनात म्हटलं आणि पुढे गेलो. रात्रीचा खोकला, शिट्टीसारखा आवाज, स्टिरॉइडने बरं वाटलं, इओसिनोफिल वाढलेले. दम्याचं चित्र इतकं पुरं जमलं होतं की आणखी काही विचारावंसं वाटलं नाही. जास्त ताकदीचा पंप लिहून दिला, ओढायचा कसा ते दाखवलं आणि तीन आठवड्यांनी बोलावलं.

तो बाराव्या दिवशीच आला. पंपाने काही फरक नव्हता. मधल्या काळात घाबरून त्याने दुसरीकडे छातीचा एक्स-रे काढला होता. त्यात दोन्ही फुफ्फुसांत, विशेषतः मधल्या आणि खालच्या भागात, बाजरीच्या दाण्यांएवढे बारीक ठिपके आणि जाळीसारख्या रेषा पसरलेल्या होत्या. एक्स-रे पाहून कुणीतरी चिठ्ठीवर लिहून दिलं होतं: मिलिअरी टीबीची शक्यता, औषधं सुरू करावीत.

मुंबईत अशा एक्स-रेवर पहिला विचार टीबीचा येणारच, आणि तो यायलाच हवा. त्या चिठ्ठीला मी नावं ठेवत नाही. पण माणूस मात्र त्या चिठ्ठीशी जुळत नव्हता. फुफ्फुसभर टीबीचे दाणे पसरलेला पेशंट सहसा चांगलाच खंगलेला असतो, ताप चढता असतो, दिवसाही तो पडूनच असतो. हा दिवसा बारा तास खोकी उचलत होता. ऑक्सिजन ९६ टक्के. छातीत थोडी घरघर, तळाला बारीक करकर, काखेत दोन लहान गाठी. बाकी तपासणीत काही नाही.

मग मी तोच जुना रिपोर्ट पुन्हा हातात घेतला. या वेळी टक्का सोडून आकडा काढला. ११,६०० चे १८ टक्के म्हणजे एका घन मिलिमीटर रक्तात २,०८८ इओसिनोफिल. निरोगी माणसात हे साधारण ५०० च्या आत असतात, आणि साध्या दम्यात बहुधा हजार-दीड हजाराच्या पुढे जात नाहीत. दोन हजार हा आकडा दम्याला आधीच जास्त होता. त्याहून महत्त्वाची होती रिपोर्टवरची तारीख. भावाला विचारलं, रक्त दिलं तेव्हा त्या सात दिवसांच्या गोळ्या चालू होत्या का? चालू होत्या, चौथा दिवस होता. प्रेडनिसोलोन रक्तातले इओसिनोफिल काही तासांतच खाली आणतं. म्हणजे २,०८८ हा दाबून बसवलेला आकडा होता. मोकळा आकडा किती असेल ते कुणी पाहिलंच नव्हतं, मीसुद्धा.

त्याच दिवशी रक्त पाठवलं. संध्याकाळी लॅबवाल्या ताईंचा फोन आला की मशीनने झेंडा दाखवला म्हणून काच हाताने पाहिली, मोजणी बरोबर आहे. एकूण पांढऱ्या पेशी २४,८००, त्यात इओसिनोफिल ६४ टक्के. म्हणजे १५,८७२.

असा आकडा आला की यादी एकदम आखूड होते. तीन हजारांच्या वर इओसिनोफिल, महिनोन्‌महिने रात्रीचा खोकला, एक्स-रेवर बारीक ठिपके आणि हत्तीरोगाच्या पट्ट्यातलं गाव. या चार गोष्टी एकत्र आल्या की ट्रॉपिकल पल्मनरी इओसिनोफिलिया हे नाव पुढे येतं. हा हत्तीरोगाच्या जंतूमुळेच होणारा, पण हत्तीपायापेक्षा अगदी वेगळ्या चेहऱ्याचा आजार. पूर्व विदर्भात, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे हत्तीरोग जुना आहे. मी पहिल्या भेटीत "मूळ गाव कुठलं" हे विचारलं होतं, पण ते फक्त केस पेपर भरण्यापुरतं.

गावाबद्दल आता नीट विचारलं. आजीचा पाय सुजलेला होता, "हत्तीपायच होता जी". घरामागे सांडपाण्याची मोरी, कायम तुंबलेली. हत्तीरोग पसरवणारा क्युलेक्स डास अशाच घाण पाण्यात वाढतो. दरवर्षी आरोग्य खात्याच्या मोहिमेत आशाताई हत्तीरोगावरच्या डीईसीच्या गोळ्या घेऊन घरी यायच्या.

"मग घेत होतात का?"

तो पहिल्यांदाच हसला. "हातात घ्याचो, साहेब. खाऊन गरगरते म्हणतेत लोकं. ताई पुढं गेली का फेकून द्याचो."

रक्तात जंतू नाही, म्हणून

त्याच्या चुलतभावाने एक नेमका प्रश्न विचारला. गावात फायलेरियाची माणसं रात्री येऊन बोटातून रक्त घेतात, तसं रक्त काढलं की कळेल ना?

रात्रीच का, ते आधी. वुचेरेरिया बँक्रॉफ्टी हा आपल्याकडचा हत्तीरोगाचा मुख्य कृमी. त्याच्या नर-माद्या लसिकावाहिन्यांत राहतात आणि माद्या लाखोंनी पिल्लं सोडतात. ती मायक्रोफायलेरिया. दिवसा ती फुफ्फुसांतल्या खोल रक्तवाहिन्यांत दडलेली असतात आणि रात्री, साधारण दहा ते दोनच्या दरम्यान, कातडीजवळच्या रक्तात येतात. त्याच वेळी क्युलेक्स चावतो. म्हणून रात्रीचं रक्त.

पण या आजारात रात्रीचं रक्तही रिकामं येतं. एरवी हत्तीरोगाच्या पट्ट्यात अशी कितीतरी माणसं असतात ज्यांच्या रक्तात रोज रात्री मायक्रोफायलेरिया फिरत असतात आणि त्यांना काहीच होत नाही, कारण शरीराने जंतूशी एक प्रकारची तडजोड केलेली असते. शंभरात एकाहूनही कमी माणसांच्या बाबतीत उलटं होतं. त्यांचं शरीर या पिल्लांवर इतकं भडकतं की ती फुफ्फुसांच्या केशवाहिन्यांत अडकली की तिथेच प्रतिपिंडांनी वेढून मारली जातात. मेलेल्या पिल्लांचे तुकडे विरघळत असताना इओसिनोफिल झुंडीने येतात आणि आपल्या पिशव्यांतली विषारी प्रथिनं तिथेच रिकामी करतात. जंतू मरतो, पण भाजतं आपलंच फुफ्फुस. म्हणून रक्तात पिल्लू दिसत नाही आणि एक्स-रेवर फुफ्फुस दिसतं.

हे कोडं सुटायलाही वेळ लागला. १९४३ मध्ये वाइनगार्टन यांनी 'लॅन्सेट'मध्ये या आजाराला ट्रॉपिकल इओसिनोफिलिया असं नाव दिलं आणि तेव्हा त्यावर आर्सेनिकची इंजेक्शनं दिली जात. रक्तात काही सापडत नसल्याने कारणाबद्दल वाद चालत राहिले. १९६० मध्ये वेल्लोरच्या वेब, जॉब आणि गॉल्ट यांनी अशा रुग्णांच्या फुफ्फुसाच्या तुकड्यांत मायक्रोफायलेरिया दाखवल्या, तेव्हा जंतू कुठे लपतो ते डोळ्यांनी दिसलं.

तरीही मी रात्री साडेअकराला रक्त घ्यायला सांगितलं. ते निगेटिव्ह आलं. ते पॉझिटिव्ह आलं असतं तर उलट मला पुन्हा विचार करावा लागला असता. सोबत पाठवलेल्या चाचण्यांत एकूण आयजीई, म्हणजे ॲलर्जीत आणि कृमींच्या आजारात वाढणारा प्रतिपिंडाचा प्रकार, ४,८६० आला. या आजारात तो हजाराच्या वर असणं अपेक्षित असतं. फायलेरियाविरोधी आयजीजी प्रतिपिंड ठळकपणे पॉझिटिव्ह. या शेवटच्या चाचणीवर एकटीवर विसंबू नये. हत्तीरोगाच्या गावात वाढलेल्या निरोगी माणसातही ती पॉझिटिव्ह येऊ शकते आणि दुसऱ्या कृमींशीही तिची गल्लत होते. पण ती निगेटिव्ह आली असती तर निदान डळमळलं असतं.

बाकीच्या शक्यता

डीईसी सुरू करण्याआधी चार दिवस मी इतर शक्यता तपासण्यात घालवले, आणि ते चार दिवस वाया गेले असं मला वाटत नाही.

टीबीसाठी कफाचे दोन नमुने सीबीनॅट या जनुकीय चाचणीला पाठवले, दोन्ही निगेटिव्ह. पण मिलिअरी प्रकारात कफात जंतू न सापडणं नवलाचं नाही, त्यामुळे एवढ्यावर टीबी पुसून टाकता येत नव्हता. मोठा पुरावा रक्तातच होता. टीबीत इओसिनोफिल पंधरा हजारांवर जात नाहीत.

दुसरी शंका पोटातल्या जंतांची. अंकुशकृमी आणि स्ट्राँगिलॉइडिस यांच्या अळ्या फुफ्फुसांतून प्रवास करतात आणि त्यांच्यामुळेही इओसिनोफिल वाढतात. तीन वेगवेगळ्या दिवशी शौच तपासली, काही सापडलं नाही. स्ट्राँगिलॉइडिसबाबत मी जरा कट्टर आहे. तो शरीरात असताना कुणी स्टिरॉइड दिलं तर अळ्या भरमसाट वाढून जिवावर बेतू शकतं, आणि या पेशंटला एकदा स्टिरॉइड मिळूनही गेलं होतं. तेव्हा काही झालं नाही हे नशीब.

मग अस्परगिलस बुरशीची ॲलर्जी, जी दम्याच्या जोडीने येते आणि आयजीई खूप वाढवते. तिची चाचणी निगेटिव्ह. चालू असलेलं दुसरं कुठलं औषध, देशी किंवा जडीबुटी, काही नव्हतं. रक्ताच्या काचेवर कर्करोगाच्या अपक्व पेशी नव्हत्या. इतके इओसिनोफिल महिनोन्‌महिने रक्तात राहिले तर हृदयाच्या आतल्या अस्तरालाही इजा करू शकतात, म्हणून इको करून घेतला. हृदय ठीक.

फुंकर मारून करायची फुफ्फुसाची चाचणीही याच दिवसांत झाली आणि तिने दम्याचा विषय संपवला. दम्यात नळ्या आकसलेल्या असतात, त्यामुळे हवा बाहेर पडायला वेळ लागतो आणि पंपानंतर आकडे सुधारतात. इथे पूर्ण श्वासाची क्षमता अपेक्षेच्या ६२ टक्के होती, पण आहे ती हवा पहिल्या सेकंदात नीट बाहेर पडत होती आणि पंपाने फारसा फरक पडत नव्हता. म्हणजे फुफ्फुसच ताठर झालेलं. थोडी घरघर होती, काही पेशंटमध्ये नळ्याही आकसतात, पण मूळ दुखणं नळ्यांत नव्हतं. ही चाचणी मी पहिल्याच भेटीत केली असती तर बारा दिवस वाचले असते.

गोळ्या

डायइथिलकार्बामाझिन, म्हणजे डीईसी, हे १९४७ पासूनचं औषध. येल्लाप्रगडा सुब्बाराव ज्या लेडर्ली प्रयोगशाळेत संशोधन चालवत, तिथे ते सापडलं. मात्रा दर किलो वजनाला दिवसाला ६ मिलिग्रॅम, तीन भागांत, २१ दिवस. त्याचं वजन ५४ किलो, म्हणजे हिशेबाने ३२४. गोळीच्या मापात १०० मिलिग्रॅमची एक गोळी, दिवसातून तीनदा, जेवणानंतर.

"एवढे दिवस? आशाताई तर एकाच दिवशी देत होती," भाऊ म्हणाला.

फरक समजावून सांगितला. गावातली एका दिवसाची मात्रा रक्तात फिरणारी पिल्लं मारण्यासाठी असते, म्हणजे डास चावला तरी तो जंतू पुढे नेणार नाही. ती साखळी तोडण्यासाठी, दरवर्षी, सगळ्या गावाला. इथे आपल्याला पिल्लांचा पुरवठाच बंद करायचा आहे. मोठा कृमी एका मात्रेने मरत नाही, आणि तो जिवंत आहे तोवर फुफ्फुसाकडे पिल्लं येत राहणार.

त्याला वेगळीच चिंता होती, आणि ती त्याने भाऊ बाहेर गेल्यावर विचारली. आजीसारखा पाय होईल का? त्याच्या लग्नाची बोलणी चालू होती आणि गावात हत्तीरोग हा शब्द कानावर गेला तर सोयरीक मोडते. मी त्याला सांगितलं की हा त्याच जंतूचा आजार आहे, पण या प्रकारात पाय सुजलेले पेशंट क्वचितच दिसतात. आजार संसर्गाने बायकोला होत नाही, डासाशिवाय पसरत नाही, आणि त्याच्या रक्तात पिल्लं नसल्याने डासही त्याच्याकडून काही नेत नाही. केस पेपरवर मी इंग्रजीतलं लांबलचक नाव लिहिलं. त्याने ते वाचायचा प्रयत्न केला आणि कागद घडी करून खिशात ठेवला.

पुढे काय बघायचं तेही ठरवून घेतलं होतं. या आजारात डीईसी हे औषधही असतं आणि चाचणीही. आठवडा-दहा दिवसांत खोकला ठळकपणे कमी झाला पाहिजे आणि इओसिनोफिल उतरू लागले पाहिजेत. तसं झालं नाही तर निदान चुकलं असं धरून ब्रॉन्कोस्कोपी, म्हणजे श्वासनळीत दुर्बीण घालून तपासणी, करायची आणि फुफ्फुस धुऊन आलेलं पाणी तपासायचं. टीबीची औषधं आधी सुरू करून बघू या, हा मार्ग मी मुद्दाम टाळला. सहा महिन्यांची चार औषधं "बघू या" म्हणून द्यायची नसतात, आणि २१ दिवसांच्या स्वस्त गोळ्यांनी दहा दिवसांत उत्तर मिळणार होतं.

दुसऱ्या दिवशी थोडा ताप आणि डोकेदुखी झाल्याचा फोन आला. जंतू मरताना असं होतं, पॅरासिटामॉल घ्या आणि गोळी थांबवू नका, असं सांगितलं.

सातव्या दिवशी तो आला. खोकला "थोडासा कमी". रात्री दोनऐवजी तीनला उठतो. रक्तात पांढऱ्या पेशी २१,०००, इओसिनोफिल ६० टक्के, म्हणजे १२,६००. उतरले होते, पण अपेक्षेपेक्षा फारच कमी. मी ब्रॉन्कोस्कोपीची तारीख बघायला लागलो होतो. टीबीची ती चिठ्ठी डोळ्यांपुढे आली. आठवड्यापूर्वी ठामपणे जे बोललो होतो ते सगळं डगमगायला लागलं.

तेवढ्यात सहज म्हणून गोळ्यांची पट्टी मागितली. पट्टीवर ५० मिलिग्रॅम लिहिलं होतं.

डीईसीची गोळी ५० आणि १०० अशा दोन्ही मापांत मिळते. माझ्या चिठ्ठीवर १०० लिहिलेलं होतं. मेडिकलवाल्याकडे मोठी संपली होती, त्याने छोटी दिली आणि "दोन-दोन घ्या" सांगायचं राहून गेलं, किंवा त्याने सांगितलं आणि याने ऐकलं नाही. कुणाचं खरं ते कळायला मार्ग नाही. इतकंच खरं की सहा दिवस तो ३०० ऐवजी १५० मिलिग्रॅम घेत होता, म्हणजे किलोला तीनही नाही.

तारीख रद्द केली. खालच्या दुकानातून १०० ची पट्टी आणवली, माझ्यासमोर पेनाने त्यावर खूण करून घेतली आणि २१ दिवस तिथून नव्याने मोजायला सुरुवात केली. तेव्हापासून या औषधाच्या चिठ्ठीवर मी मिलिग्रॅमच्या बरोबरीने "एकूण गोळ्या ६३" असंही लिहितो. मेडिकलवाल्याचं मिलिग्रॅमकडे लक्ष जाईलच असं नाही, पैशांचा हिशेब लागत नसला की मात्र तो विचारतो.

पूर्ण मात्रेच्या चौथ्या रात्री खोकला अर्ध्यावर आला. नवव्या सकाळी भावाचा फोन आला. पेशंट अजून झोपलेलाच होता, साडेसात वाजले होते, आणि त्याला गाळ्यावर जायला उशीर होत होता म्हणून उठवू का, असं तो विचारत होता.

२१ दिवसांच्या शेवटी पांढऱ्या पेशी १०,४००, इओसिनोफिल १७ टक्के, म्हणजे १,७६८. टक्का बघा, जवळजवळ तोच जुना १८. पहिल्या भेटीत मला ज्या आकड्याने फसवलं, तोच आकडा आता उतरणीवर होता. महिन्याभरात एक्स-रेवरचे ठिपके विरले. वजन तीन किलो वाढलं. तीन महिन्यांनी इओसिनोफिल ५८१.

श्वासाची क्षमता मात्र तितकी आज्ञाधारक निघाली नाही. ६२ वरून ७९ पर्यंत आली आणि तिथेच अडली. या आजाराचं हे कमी बोललं जाणारं अंग आहे. खोकला जातो, एक्स-रे साफ होतो, तरी बऱ्याच पेशंटच्या फुफ्फुसात हळूवार सूज मागे राहते, आणि औषधाला जितका उशीर तितका तंतूंचा व्रण पडायचा धोका जास्त. याला सहा महिने लागले होते, त्यातले बारा दिवस माझे. डीईसीनंतरही सूज रेंगाळली तर काही डॉक्टर थोडे दिवस स्टिरॉइडची जोड देतात. आता स्ट्राँगिलॉइडिसची शंका फिटली होती, तसं करता आलं असतं. पण पेशंट टेकडी न थांबता चढत होता आणि आकडे खाली येत होते, म्हणून मी वाट बघितली.

दर तीन महिन्यांनी रक्त बघायचं ठरलं होतं, कारण पाच-एक वर्षांत साधारण पाचातल्या एकाला हा आजार उलटतो. डीईसी मोठ्या कृमीवर दरवेळी पुरं पडत नाही, आणि गावी गेलं की नवे डास असतातच. सहाव्या महिन्यात ४४०. नवव्या महिन्यात तो आलाच नाही. जुलैत धानाच्या रोवणीला गावी गेला होता, सव्वा महिना तिथेच राहिला.

परत आला तो ऑगस्टअखेर, या वेळी एकटाच, भावाशिवाय. खोकला नाही असं म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "चार-पाच रात्री झाल्या, तीन वाजता जाग येते जी. खोकत नाही, पण गळ्यात खवखवते." छाती साफ होती. रक्तात पांढऱ्या पेशी ११,७००, इओसिनोफिल ३० टक्के. कॅलक्युलेटर त्यानेच खिशातल्या मोबाईलवर काढला आणि मला दाखवला: ३,५१०.

त्याच दिवशी डीईसीचा दुसरा कोर्स लिहिला, १०० मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, एकूण गोळ्या ६३. त्याने चिठ्ठी घेतली, खाली गेला आणि दहा मिनिटांनी पट्ट्या घेऊन पुन्हा वर आला, मी माप बघावं म्हणून.